खळ उतरल्यावर खरं कापड दिसतं

गेल्या उन्हाळ्यात घेतलेला राखाडी सुती कुर्ता दुसऱ्या धुण्यालाच लुळा पडला आणि काखेजवळ फाकला. शिवणकाम करणाऱ्या काकूंना दाखवला तर त्या म्हणाल्या, "अगं, शिवण शाबूत आहे. कापडाचे धागेच सरकलेत." दुकानात मला त्याचा कडकपणाच आवडला होता. तो कडकपणा खळीचा होता.

म्हणून या वेळी आईच्या कुर्त्यासाठी लक्ष्मी रोडवर गेले तेव्हा वेळ काढूनच गेले. निळ्या सुती कापडाचे दोन ताके समोर आले, एक १८० रुपये मीटर, दुसरा २४०. हाताला स्वस्तातला जास्त भरीव लागत होता. मग दोन्हींचा कोपरा दोन्ही हातांच्या चिमटीत धरून, कपडे धुताना चोळतो तसा जोरात चोळला. स्वस्त कापडातून बोटांवर पांढरी भुकटी आली आणि चोळलेली जागा मऊ पडली. महागाच्या कापडात फरक जाणवला नाही.

दुकानातल्या ट्यूबलाइटवर विसंबायचं नाही, म्हणून ताके दाराशी उजेडात नेले. उजेडासमोर धरल्यावर स्वस्त कापडाची चोळलेली जागा शेजारच्या जागेपेक्षा स्पष्ट विरळ दिसली. वीण मुळातच सैल होती, खळीने भोकं बुजवलेली होती. दुसऱ्याची वीण सगळीकडे सारखी होती. मधूनच एखादा जाड धागा दिसला, पण हातमागाच्या कापडात तेवढं असतंच, तो दोष मी धरत नाही.

काकूंच्या बोलण्यामुळे ताणायची परीक्षा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दोन्ही अंगठे शेजारी टेकवून कापड बाजूंना ओढायचं, आधी उभं, मग आडवं. स्वस्त कापडात अंगठ्यांमध्ये धागे फाकले आणि सोडल्यावरही फट तशीच राहिली. शिवणीवर ताण आला की हेच होणार. न ताणणाऱ्या विणीचं सुती कापड धाग्याच्या दिशेने फारसं वाढत नाही. तिरकं मात्र चांगलंही ताणलं जातं, म्हणून तिरकं ओढून निवाडा करू नये.

शेवटी ओला पांढरा रुमाल घासला. महागाच्या कापडाचाही फिकट निळा डाग आलाच. गडद निळ्याचा थोडा रंग सुरुवातीला जातो, त्यामुळे घ्यायचं ठरवलं. कोरडा रुमाल घासूनही रंग लागला असता तर परत ठेवलं असतं.

आटणं मात्र दुकानात कळत नाही. लागणार होतं अडीच मीटर, पावणेतीन घेतलं. रात्रभर साध्या पाण्यात वेगळं भिजवलं, सावलीत वाळवलं आणि मोजलं, तर २ मीटर ६५ सेंटिमीटर भरलं. मगच काकूंकडे दिलं.