दोन फाटे, तरी एकमेकांशी संबंध नाही

"पॉयसन प्रक्रियेतून येणारे कॉल आपण दोन गटांत वाटतो. एका गटात जास्त गेले तर दुसऱ्यात कमीच उरणार ना? मग पुस्तकात दोन्ही प्रवाह स्वतंत्र कसे म्हणतात?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आणि आधी तुमच्या शंकेतला बरोबर भाग मान्य करते. एकूण कॉल किती आले हे माहीत असेल, तर तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. तासाभरात १२ कॉल आले आणि त्यातले ९ तांत्रिक तक्रारीचे होते, तर बिलाबद्दलचे ३ होते; त्यात स्वतंत्रतेला जागाच नाही. पण पुस्तकातलं विधान वेगळ्या परिस्थितीबद्दल आहे. तिथे आपल्याला फक्त दर माहीत असतो. ताशी सरासरी १२ कॉल येतात, म्हणजे या तासाला १२च येतील असं नाही. सगळा घोळ या दोन १२ आकड्यांची सरमिसळ झाल्याने होतो.

हेच उदाहरण पुढे नेऊ. मदतकेंद्रावर ताशी सरासरी १२ कॉल येतात आणि लागोपाठच्या दोन कॉलमधली अंतरं परस्परांपासून स्वतंत्र, घातांकी वितरणाची आणि सरासरी ५ मिनिटांची आहेत; अशा प्रवाहालाच पॉयसन प्रक्रिया म्हणतात. प्रत्येक कॉल १/३ संभाव्यतेने तांत्रिक असतो आणि २/३ संभाव्यतेने बिलाचा. कुठला कॉल कसला, हे जणू प्रत्येक कॉलसाठी वेगळं, एका बाजूला झुकणारं नाणं उडवून ठरतं; ते आधीच्या कॉलवर किंवा घड्याळावर अवलंबून नाही. सरासरीने ४ तांत्रिक आणि ८ बिलाचे. आता मी तुम्हाला एवढंच सांगितलं की गेल्या तासात ९ तांत्रिक कॉल आले. बिलाचे किती आले असतील? मनात पटकन येतं, "३". पण उत्तर आहे सरासरी ८, जे आधी होतं तेच. ९ तांत्रिक कॉल आल्याची बातमी दोन गोष्टी एकदम सांगते. पहिली, नाणेफेकीत तांत्रिक बाजूला झुकतं माप पडलं असावं. ही गोष्ट बिलाच्या कॉलचा अंदाज खाली ओढते. दुसरी, मुळातच हा तास गर्दीचा असावा. ही अंदाज वर ढकलते. पॉयसनमध्ये हे दोन्ही परिणाम एकमेकांना तंतोतंत फेडतात. एकूण कॉलचा नवा अंदाज १२ राहत नाही, तो ९ अधिक ८, म्हणजे १७ होतो.

"तंतोतंत" हा शब्द मी जबाबदारीने वापरला आहे, म्हणून थोडं गणित. एकूण संख्या N, तांत्रिक A, बिलाचे B, आणि संभाव्यता p व q = 1 − p. N ठाऊक असताना A आणि B यांचा कोव्हेरियन्स −Npq असतो. हे तुमचं "एकीकडे जास्त, दुसरीकडे कमी". सरासरी घेतली की तो −pq·E(N) होतो. दुसरीकडे, N स्वतः वरखाली होतो तेव्हा A आणि B यांच्या सरासरी pN आणि qN एकाच वेळी वर जातात, एकाच वेळी खाली येतात. त्यातून +pq·Var(N) मिळतो. बेरीज अशी:

Cov(A, B) = pq · [Var(N) − E(N)]

पॉयसन वितरणात व्हेरियन्स आणि सरासरी सारखेच असतात, म्हणून कंसात शून्य. आपल्या आकड्यांत pq = २/९, तेव्हा एका बाजूने −२.६७ आणि दुसऱ्या बाजूने +२.६७. हे सूत्र मला फार आवडतं, कारण तुमच्या शंकेला ते खोटं ठरवत नाही, तिला तिची जागा दाखवतं. N पक्का असेल तर Var(N) शून्य आणि ऋण संबंध पुरेपूर उरतो.

कोव्हेरियन्स शून्य म्हणजे स्वतंत्रता नव्हे, हे तुमच्यापैकी काहीजण लगेच म्हणतील, आणि ते बरोबर आहे. त्यासाठी संपूर्ण संभाव्यता मांडावी लागते. एकूण a + b कॉल येण्याची पॉयसन संभाव्यता लिहा. तिच्या छेदात (a + b)! आहे. तिला त्यातले a तांत्रिक असण्याच्या द्विपद संभाव्यतेने गुणा; तिच्या अंशात (a + b)! आहे. दोन्ही उडतात. A आणि B यांना एकत्र बांधून ठेवणारी ती एकच गोष्ट होती. ती गेल्यावर उरलेली राशी सरळ दोन तुकड्यांत सुटते: एक ४ सरासरीचं पॉयसन, एक ८ सरासरीचं. एका तासासाठी जे झालं ते कुठल्याही कालखंडासाठी होतं, आणि एकमेकांवर न येणाऱ्या कालखंडांतले कॉल मुळातच स्वतंत्र असतात. म्हणून फक्त मोजण्या नाहीत, तर दोन्ही प्रवाह संपूर्णपणे स्वतंत्र ठरतात.

प्रत्यक्ष नोंदींवर हे ताडून पाहायला जाल तेव्हा बहुतेकदा एकाच ठिकाणी अडाल: दर स्थिर नसतो. समजा निम्मे तास शांत आहेत, ताशी ६ कॉलचे, आणि निम्मे गर्दीचे, ताशी १८चे. सरासरी अजूनही १२. पण N चा व्हेरियन्स आता १२ अधिक दरातल्या चढउताराचे ३६, म्हणजे ४८. वरच्या सूत्रात घाला: कोव्हेरियन्स २/९ गुणिले ३६, म्हणजे ८. A चा व्हेरियन्स ८ येतो, B चा २४, आणि सहसंबंध गुणांक साधारण ०.५८. दोन प्रवाह चक्क बरोबरीने वरखाली होताना दिसतात! हे पाहून कुणी "वाटणी यादृच्छिक नव्हती" असा निष्कर्ष काढला तर तो चुकीचा ठरेल. वाटणी ठीकच होती. शांत तास वेगळे काढा, गर्दीचे वेगळे काढा, आणि प्रत्येक ढिगात सहसंबंध पुन्हा शून्याजवळ येईल. म्हणून माझा आग्रह असतो की आधी एकूण मोजणीचा व्हेरियन्स भागिले सरासरी काढा. तो १ च्या आसपास नसेल तर फाट्यांकडे नंतर बघू, आधी मूळ प्रवाहच तपासा. कॉल जोडीजोडीने किंवा झुंडीने येत असतील तरीही हा भागाकार १ च्या वर जातो, आणि तिथे ढीग वेगळे करूनही तो खाली येत नाही.

वाटणीच्या नियमाबद्दल मात्र कडक राहावं लागतं. प्रत्येक कॉलसाठी वेगळं नाणं उडवलं पाहिजे. नाण्याचा कल वेळेनुसार बदलला तरी चालतं, म्हणजे सकाळी p = १/२ आणि दुपारी १/५ असलं तरी स्वतंत्रता टिकते, फक्त प्रवाहांचे दर वेळेनुसार बदलतात. पण नियम आधीच्या कॉलकडे पाहू लागला की सगळं मोडतं. सर्वांत साधा आणि सर्वांत फसवा नियम म्हणजे आळीपाळी: पहिला कॉल एकाकडे, दुसरा दुसरीकडे, तिसरा पुन्हा पहिल्याकडे. हे निःपक्षपाती दिसतं, प्रत्येकाला ताशी ६ कॉल मिळतात, म्हणून अनेकजण प्रत्येक फाटा पॉयसन धरून पुढचं गणित करतात.

इथे जरा जवळून बघा. नाणेफेकीने अर्धे कॉल मिळाले तर एका फाट्यावरचं अंतर घातांकी राहतं, सरासरी १० मिनिटांचं, आणि पुढचा कॉल एका मिनिटाच्या आत येण्याची संभाव्यता 1 − e^(−0.1), म्हणजे सुमारे साडेनऊ टक्के. आळीपाळीत प्रत्येक अंतर म्हणजे ५-५ मिनिटांच्या दोन घातांकी अंतरांची बेरीज. सरासरी तीच १०, पण एका मिनिटाच्या आत पुढचा कॉल येण्याची संभाव्यता 1 − 1.2·e^(−0.2), म्हणजे दोन टक्क्यांहूनही कमी. एक कॉल संपवून श्वास घेतो न घेतो तोच दुसरा आला, असा अनुभव पहिल्या पद्धतीत नेहमीचा, दुसऱ्या पद्धतीत क्वचित. आणि स्वतंत्रता तर नावालाही नाही: दोघांच्या मोजण्यांत एकापेक्षा जास्त फरक पडूच शकत नाही. रांगेचं नियोजन करणाऱ्याला आळीपाळी सोयीची असेल, त्यावर माझी हरकत नाही. हरकत आहे ती त्या फाट्यांना पॉयसन म्हणण्यावर.

याच उदाहरणातून उलट दिशेचा प्रश्नही सुटतो. आळीपाळीचे दोन फाटे पुन्हा एकत्र केले तर मूळ पॉयसन प्रवाहच परत मिळतो. त्यामुळे एकत्रित प्रवाह पॉयसन दिसला म्हणून त्याचे घटक पॉयसन असतील असं मुळीच नाही. खात्रीने एवढंच म्हणता येतं: घटक पॉयसन असतील आणि परस्परांपासून स्वतंत्र असतील, तर त्यांचं मीलन पॉयसन असतं आणि दरांची बेरीज होते. दोन्ही अटी हव्यात.

त्या अटी पाळल्या की मीलन काय देतं ते पाहा. ताशी ४ आणि ताशी ८ अशा दोन स्वतंत्र लाइनी एकत्र आल्या. पुढचा कॉल तांत्रिक असण्याची संभाव्यता ४ भागिले १२, म्हणजे १/३, आणि तुम्ही तीन सेकंद थांबला असाल की वीस मिनिटं, ती बदलत नाही. कारण कुठल्याही क्षणी दोन्ही लाइनींवर लगेच कॉल येण्याच्या शक्यतांचं प्रमाण ४:८ च असतं. घातांकी अंतराला किती वेळ गेला याची आठवण नसते. एक लाइन बरोब्बर १५ मिनिटांनी वाजणारी असती तर चौदाव्या मिनिटाला तुम्ही नक्की तिच्यावर पैज लावली असतीत.

त्यामुळे वेळेचा वाटणारा प्रश्न नाण्यांचा होऊन बसतो. "दोन तांत्रिक कॉल येण्याआधी बिलाचे तीन येतील, याची संभाव्यता किती?" यासाठी घातांकी अंतरांची समाकलनं मांडायची गरज नाही. एकत्रित प्रवाहातले पहिले चार कॉल घ्या. त्यात बिलाचे किमान तीन असतील तरच बिलाचे तीन आधी पूर्ण होतात. तीन असण्याची संभाव्यता ३२/८१, चारही असण्याची १६/८१, एकूण ४८/८१, म्हणजे सुमारे ०.५९. ताशी १२ ऐवजी १२० कॉल आले, पण प्रमाण तेच राहिलं, तर उत्तरही हेच. मात्र एकाच बिघाडामुळे लोक आधी तांत्रिक लाइनवर आणि लगेच बिलाच्या लाइनवर फोन करत असतील, तर लाइनी स्वतंत्र नाहीत, आणि तिथे हे ०.५९ वापरू नका.