पोह्यांचं का नाही सांगितलंस?

रात्रीचे दीड वाजलेत. कुर्त्याच्या खिशात अजून अक्षता सापडतायत आणि झोप येत नाही.

रिसेप्शनला मी माइकवर बोललो. छान झालं म्हणे. आत्याआजीने जवळ बोलावून गालावरून हात फिरवला, ताईच्या कॉलेजच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, भावोजींच्या काकांनी पाठ थोपटली. मग स्टेजवर घरच्यांचा फोटो काढताना, सगळे हसत कॅमेऱ्याकडे बघत असताना, ताई ओठ न हलवता म्हणाली, "पोह्यांचं का नाही सांगितलंस?" तेवढंच. लगेच पुढची माणसं वर आली.

पोह्यांचं होतं की. पहिल्या मसुद्यात होतं. पण गच्चीवर मोबाइलचं घड्याळ लावून मोठ्याने वाचलं तर सात मिनिटं झाली. उभं राहून, ताटं हातात घेऊन माणसं सात मिनिटं ऐकत नाहीत. साडेतीनवर आणायचं ठरवलं आणि एकेक गोष्ट पारखली : ही आत्याआजीला कळेल का, ताईच्या मैत्रिणींना कळेल का, आइस्क्रीमपाशी घुटमळणाऱ्या पोरांना कळेल का. जिच्याआधी "त्याचं असं झालं होतं" असं सांगावं लागतं, ती काढली. हॉस्टेलची गंमत सासूबाईंसमोर नको, म्हणून तीही काढली.

कानपिळीचं वाक्य मात्र राहिलं. आधी लिहिलं होतं, "ताईने माझा कान सत्तावीस वर्षं पिळला, आणि आज सकाळी मी भावोजींचा पिळला." मामेभावाला ऐकवलं तर तो नुसता "हं" म्हणाला. हसण्याचा शब्द मधेच येऊन गेला होता. मग फिरवलं : "जिने सत्तावीस वर्षं माझा कान पिळला, तिच्या नवऱ्याचा कान पिळायला मला मिळालं फक्त एक मिनिट." तिथे आज हॉल हसला. सकाळी होमापाशी सगळ्यांनीच ते पाहिलेलं, त्यामुळे कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

पण हसू ओसरायच्या आत मी पुढचं वाक्य बोललो. मायेचं होतं ते. आत्याआजीने शेजारच्या बाईंना विचारलं, "काय म्हणाला?" ते मला स्टेजवरून दिसलं. थांबायला हवं होतं. एक श्वास, बस.

ते जाऊ दे. पोहे.

आई दवाखान्यात होती तेव्हा अकरा दिवस ताईने माझा डबा केला. ती दहावीत, मी चौथीत. तिला पोहेच यायचे, आणि मीठ रोज विसरायची. मी अर्धे तसेच परत आणायचो. रात्री ती ओट्याशी उभी राहून ते गार पोहे खायची. मीठ घालून. एकदा मी पाणी प्यायला उठलो तेव्हा पाहिलं. तिने फक्त "झोप" म्हटलं.

मावशी म्हणाली होती, "मंगल कार्यात दवाखान्याचं नाव कशाला?" मला पटलं. आईकडे बघून बोलता आलं नसतं. बाबांचं तर... नको. आणि ताई रडेल, मेकअप जाईल, असंही वाटलं. पण तिला रडायचं नव्हतंच. तिला ते सगळ्यांसमोर ऐकायचं होतं. माझ्याकडून.

आता सुचतंय की दवाखाना न आणताही सांगता आलं असतं. "चौथीत असताना अकरा दिवस माझा डबा ताईने केला. अकराही दिवस पोहे, आणि अकराही दिवस अळणी. भावोजी, मिठाचा डबा जवळ ठेवा." इथे हसू संपू द्यायचं. मग हळू : "उरलेले पोहे ती रात्री खायची, म्हणजे आईला कळू नये की मी जेवलो नाही." आत्याआजीला कळलं असतं, पोरांनाही. ज्यांना आईचं माहीत आहे त्यांना बाकीचं आपोआप कळलं असतं. पाऊण मिनिटसुद्धा लागलं नसतं. माझं काढायचं चुकलं नाही, काय काढलं ते चुकलं.

सकाळी लाजाहोमाला गुरुजी म्हणाले, "भाऊ, लाह्या घाला." मी सुपातून तिच्या ओंजळीत घातल्या. मेंदी काळीकुट्ट रंगलेली आणि उजव्या अंगठ्याजवळ भाजल्याचा जुना डाग, मेंदीतूनही दिसत होता. तीन वेळा घातल्या. तिने एकदाही वर पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते तेव्हाच सांगून झालं होतं. तरी तिने विचारलं, म्हणजे झालं नव्हतं.

परवा दोघं मांडवपरतणीला येतायत. आई आत्ताच उठून विचारून गेली, नाश्त्याला काय करू. पोहे कर म्हटलं. बटाटा घालू का म्हणाली. ताईच्या त्या पोह्यांत नव्हता, पण घाल म्हटलं. मीठ मी बघतो.