आत्ताच आलेल्यांसाठी

आमच्या सांगलीच्या द्राक्षबागायतदारांसाठी आम्ही काही जण दर महिन्याला एक वेबिनार घेतो आणि त्यात वक्त्याची ओळख करून देण्याचे काम माझ्याकडे असते. वेळ संध्याकाळी ७ ची ठरलेली. परंतु तासगाव-पलूसकडची मंडळी डेअरीला दूध घालून मगच फोन हातात घेतात, त्यामुळे सातला पडद्यावर जेमतेम तीस नावे असतात आणि सव्वासातला ती नव्वदीकडे झुकतात.

सभागृहात उशिरा आलेला माणूस मागची खुर्ची गाठतो आणि शेजाऱ्याला हळूच विचारतो, "कोण बोलणार आहेत?" वेबिनारमध्ये शेजारी नसतो, त्याचे काम निवेदकालाच करावे लागते. हे मला पहिल्या खेपेला उमगले नव्हते. ठीक सातला मी पाहुण्यांचे नाव घेऊन सुरुवात केली, पदव्या आणि अनुभव सव्वासातपर्यंत सांगत राहिलो, आणि शेवटी एका उघड्या माइकमधून आवाज आला, "पण सायेब हायत कोण?" नाव ऐकलेले तीस जण होते, उरलेल्या साठांनी केवळ स्तुती ऐकली होती.

तेव्हापासून नाव मी शेवटी घेतो आणि ओळखीचा एक परिच्छेद संपला की, वाक्य मध्येच न तोडता, एकच ओळ पुन्हा म्हणतो : "आत्ताच आलेल्यांसाठी सांगतो, आज खरड छाटणीनंतरच्या सूक्ष्म घडनिर्मितीवर व्याख्यान आहे, ते आठपर्यंत चालेल, आणि बोलणार आहेत..." पुढे नाव. विषय, वेळ, माणूस, एवढेच. त्यात चौथी गोष्ट घातली की ओळ लांबते आणि वेळेवर आलेले कंटाळतात. ही ओळ दोनदा पुरते. तिसऱ्यांदा म्हटली, तर वेळेवर येण्याची शिक्षा दिल्यासारखे होते.

सूचनांचे गणित थोडे वेगळे आहे. आम्ही वापरतो त्या ॲपमध्ये नंतर येणाऱ्याला आधीचे चॅट दिसत नाही. म्हणून सातला टाकलेली हजेरीची लिंक सव्वासातला आलेल्यासाठी नसल्यातच जमा असते. ती दुसऱ्या ओळीबरोबर पुन्हा टाकावी लागते. माइकविषयी विनंती करण्यात अर्थ नाही. सर्वांना म्यूट करून मग तसे सांगावे, कारण ज्याच्या घरी कुकरची शिट्टी वाजते आहे, त्याला ती आपलीच आहे हे कधीच कळत नाही. प्रश्न चॅटमध्ये लिहावेत आणि सोबत गावाचे नाव द्यावे, एवढे सांगून मी थांबतो.

या सगळ्यात खरी परीक्षा पाहुण्यांची होते. पडद्याच्या चौकोनात बसून स्वतःविषयीचे तेच वाक्य दुसऱ्यांदा ऐकताना चेहऱ्यावर काय ठेवावे, हे कुणालाच ठाऊक नसते. गेल्या महिन्याचे पाहुणे प्रथम हसले, नंतर चष्मा पुसू लागले, आणि अखेर त्यांचा माइक सुरू झाल्यावर म्हणाले, "नमस्कार. आत्ताच आलेल्यांसाठी सांगतो, मघापासून ज्याचं कौतुक चाललं होतं, तो मीच."