मावशीचं गाजराचं पाकीट

मावशी लेकीकडे इंग्लंडला गेली आणि मार्चअखेरीस तिचा फोटो आला: गाजराच्या बियांच्या पाकिटाची मागची बाजू. अर्धा भाग अंगठ्याखाली, उरलेल्यावर ट्यूबलाइटची चकाकी. खाली प्रश्न, "ही चित्रं काय म्हणतात?"

पहिल्या चित्रात मातीची रेघ, तिच्याखाली ठिपका आणि एक सेंटिमीटरचा बाण. मी कळवलं, "नखाएवढं खोल. बोटाचं पेर नाही, नख!" गाजराचं बी एवढंसं. त्याच्या पोटातली शिदोरी वर येईपर्यंत पुरायला हवी. खोल पुरलं तर कोंब मातीतच वाकडा होऊन संपतो आणि आपण बियाण्याला दोष देतो.

दुसऱ्या चित्रात दोन बाण होते. दोन रोपांमधला पाच सेंटिमीटरचा, म्हणजे तीन बोटं. दोन ओळींमधला तीसचा, म्हणजे साधारण सव्वा वीत. मावशी पट्टी घेऊन दर पाच सेंटिमीटरला एकेक बी टाकायला निघाली होती. पण हे अंतर पेरणीचं नव्हे, विरळणीनंतरचं. सगळी बियाणं उगवत नाहीत, म्हणून आधी ओळीत पातळ पेरायचं आणि रोपं बोटभर झाली की मधली उपटायची. उपटलेलं दुसरीकडे लावायचं नाही. मूळ दुखावलं की गाजराला दोन तंगड्या फुटतात.

खरा वाद झाला तो महिन्यांच्या पट्टीवर. बारा चौकटींत महिन्यांची इंग्रजी आद्याक्षरं. त्यात 'जे' तीनदा, म्हणून डावीकडून मोजत जायचं. एक रंग पेरणीचा, दुसरा काढणीचा. कुठला कुठला ते नेमकं अंगठ्याखाली! दुसरा फोटो मागवला. पेरणी एप्रिल ते जुलै. "छापताना चुकलेत," मावशी ठाम. "गाजर दिवाळीच्या आगेमागे पेरतात." नाशिकपुरतं तिचं बरोबरच आहे. इथे आपण उन्हाळा टाळतो, तिथे गोठलेली माती टाळतात. गाजराला दोन्हीकडे हवा तोच गारवा लागतो, फक्त तिथे तो उन्हाळ्यात मिळतो. खोली आणि अंतर कुठेही चालतं. पट्टी मात्र त्या गावचं पंचांग.

एप्रिलच्या मध्याला तिने लाकडी खोक्यात दोन ओळी पेरल्या. दहा दिवसांनी फोन, "काही नाही रे." गार मातीत गाजर तीन आठवडेही घेतं, फक्त वरची माती सुकून तिची खपली होऊ द्यायची नाही. अठराव्या दिवशी हिरवे दोरे दिसले. विरळणीला मात्र तिचा हात धजेना. "उगवलेलं उपटायचं?" शेवटी लेकीने एक ओळ विरळली, दुसरी मावशीने राखली.

ऑगस्टमध्ये फोटो आला. डावीकडे सरळ, अंगठ्याएवढी जाड गाजरं; उजवीकडे एकमेकांना वेटोळे घातलेल्या पेन्सिली. खाली मावशीचा मजकूर: "कोशिंबिरीत किसल्यावर काही कळत नाही."