क्लोपिडोग्रेल आणि स्टार टू: तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, बाबांना स्टेंट बसवलाय, क्लोपिडोग्रेल चालू आहे. ती जीनची टेस्ट म्हणतात ती करून घेऊ का? की नुसतेच पैसे जातील?"

स्टेंट अलीकडेच बसलाय आणि बाबा क्लोपिडोग्रेलवर, म्हणजे स्टेंटमध्ये गुठळी होऊ नये म्हणून द्यायच्या गोळीवर आहेत, किंवा डॉक्टर दुसऱ्या गोळीवरून त्यांना क्लोपिडोग्रेलवर आणायचं म्हणतायत, तर माझं उत्तर हो, ही गोळी त्यांच्या शरीरात नीट जागी होऊ शकते का ते सांगणारी ही टेस्ट कार्डिऑलॉजिस्टना विचारून करून घ्या. स्टेंटला तीन-चार वर्षं झालीत आणि सगळं सुरळीत चाललंय तर घाई नाही, कारण स्टेंटमध्ये गुठळी व्हायचा धोका पहिल्या काही आठवड्यांत आणि महिन्यांत सगळ्यात जास्त असतो आणि टेस्टचा खरा उपयोग तेव्हाच होतो. पण काहीही असो, रिपोर्ट येईपर्यंत किंवा आल्यावरसुद्धा गोळी स्वतःहून बंद करायची नाही. नवीन स्टेंट असताना कमी चालणारी गोळीही गोळी नसण्यापेक्षा बरी.

मी हॉस्पिटलात क्लिनिकल फार्माकॉलॉजीमध्ये काम करते आणि हे रिपोर्ट वाचून कार्डिऑलॉजीवाल्यांशी बोलणं हा माझ्या कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

क्लोपिडोग्रेलची जी गोळी आपण गिळतो ती त्या रूपात काहीच करत नाही. ती आधी लिव्हरमध्ये जाऊन बदलावी लागते. आणि तिथेही पोटात गेलेल्या औषधाचा साधारण ८५ टक्के भाग एक वेगळंच एन्झाइम तोडून निकामी करून टाकतं, उरलेला १५ टक्क्यांच्या आसपासचा भाग दोन टप्प्यांतून जाऊन कामाचं औषध बनतो. हे कामाचं औषध प्लेटलेटवरच्या एका रिसेप्टरला कायमचं चिकटतं, मग ती प्लेटलेट मरेपर्यंत, म्हणजे आठवडा-दहा दिवस, नीट गुठळी करू शकत नाही. त्या दोन्ही टप्प्यांत हात असलेलं एक मुख्य एन्झाइम म्हणजे रिपोर्टवर CYP2C19 असं छापलेलं असतं ते, बोलताना आम्ही टू-सी-नाइन्टीन म्हणतो. आता आधीच जो छोटासा भाग कामाला येणार होता, त्याचं एन्झाइमच जर एखाद्याच्या शरीरात तयार होत नसेल, तर तो माणूस रोज न चुकता ७५ मिलिग्रॅमची गोळी घेतो आणि प्लेटलेटवर पुरेसा परिणामच होत नाही. वरून काही कळत नाही. दुखत नाही, खुपत नाही, साध्या ब्लड टेस्टमध्येही दिसत नाही.

या एन्झाइमच्या जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून एक वडिलांकडून. नेहमीच्या प्रतीला स्टार वन म्हणतात. स्टार टू नावाच्या प्रतीत एका अक्षराचा फरक असतो, पण तो अशा जागी आहे की जीनचा मजकूर चुकीच्या ठिकाणी कापला-जोडला जातो आणि कामाचं एन्झाइम तयारच होत नाही. स्टार थ्रीही तशीच बंद प्रत, आपल्याकडे ती क्वचित सापडते. स्टार सेव्हन्टीन मात्र उलट, त्यात जीन जास्त जोरात चालतो. दोन्ही बंद असतील तर पुअर मेटाबोलायझर, एक बंद असेल तर इंटरमीडिएट, दोन्ही सेव्हन्टीन असतील तर अल्ट्रारॅपिड.

इथे एक गोष्ट लोक उलटी समजतात. पुअर मेटाबोलायझर म्हटलं की वाटतं औषध अंगात साठणार, साइड इफेक्ट होणार. क्लोपिडोग्रेलमध्ये तसं नाही, कारण इथे एन्झाइम औषध जागं करतं, त्यामुळे एन्झाइम नाही म्हणजे औषधच नाही. पण अ‍ॅसिडिटीची ओमेप्राझोल घ्या, तिला हेच एन्झाइम तोडून संपवतं, मग त्याच माणसात ओमेप्राझोल जास्त वेळ टिकते आणि जास्त चालते, आणि अल्ट्रारॅपिड माणसात ती इतक्या लवकर संपते की डोस वाढवावा लागू शकतो. एकच रिपोर्ट, एकच माणूस, दोन औषधांसाठी दोन उलट अर्थ. म्हणून कुठल्याही रिपोर्टवर नुसतं पुअर किंवा रॅपिड वाचून काही ठरवायचं नाही, कुठल्या औषधासाठी वाचतोय ते आधी बघायचं.

आता आपल्याकडे याला एवढं महत्त्व का. युरोपियन लोकांत स्टार टूचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, म्हणजे शंभर प्रती घेतल्या तर १५ बंद. दक्षिण आशियाई लोकांत ते जवळपास दुप्पट, ३० टक्क्यांच्या आसपास निघतं. दोन्ही प्रती बंद असण्याची शक्यता मग ०.३ गुणिले ०.३, म्हणजे साधारण ९ टक्के, आणि एकच बंद असण्याची सुमारे ४२ टक्के. युरोपात तोच हिशोब केला तर दोन्ही बंद असणारे दोन-तीन टक्केच येतात. म्हणजे आपल्याकडे स्टेंट बसवलेल्या दहा लोकांत एखादा पुअर आणि चारेक जण इंटरमीडिएट असणार असं धरून चालायला हरकत नाही. अमेरिकेच्या एफडीएने २०१० मध्ये या गोळीच्या माहितीपत्रकावर पुअर मेटाबोलायझरबद्दल चौकटीतला इशारा टाकला, तो इथल्या लोकांना जास्त लागू आहे असं मला मनापासून वाटतं.

मग दुसरा प्रश्न लगेच येतो, की डोस वाढवला तर? हे करून बघितलंय. २०११ च्या एलिव्हेट नावाच्या ट्रायलमध्ये एक स्टार टू असलेल्यांना रोज २२५ मिलिग्रॅम, म्हणजे तिप्पट डोस दिला तेव्हा कुठे त्यांच्या प्लेटलेट नेहमीच्या माणसाला ७५ मध्ये होतात तेवढ्या शांत झाल्या. दोन स्टार टू असलेल्यांना ३०० देऊनही तेवढा परिणाम आला नाही. म्हणून पुअर मेटाबोलायझरमध्ये डोस वाढवत बसण्यात अर्थ नाही, औषधच बदलायचं. पर्याय दोन, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर. टिकाग्रेलॉरला जागं व्हायची गरजच नाही, आणि प्रासुग्रेलला लागते पण ती टू-सी-नाइन्टीनवर फारशी अवलंबून नाही. दोन्ही जास्त जोरदार, त्यामुळे दोन्हींत रक्तस्रावाचा धोका जास्त, आणि म्हणूनच सगळ्यांना सरसकट तीच द्या असं म्हणता येत नाही.

एक केस सांगते, ओळख पटणार नाही इतपत तपशील बदललेत. एक काका, वय ६६, वजन ५७ किलो, हार्ट अ‍ॅटॅकनंतर स्टेंट. अ‍ॅस्पिरिन आणि टिकाग्रेलॉर चालू. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बसल्या बसल्या दम लागल्यासारखं होऊ लागलं. टिकाग्रेलॉरने हे होतं, पण असंच गृहीत धरायचं नसतं, म्हणून आधी इको, छातीचा एक्स-रे, ऑक्सिजन सगळं बघितलं, हृदय आणि फुप्फुसं ठीक होती. अशी धाप बऱ्याच जणांना आपोआप कमी होते, पण काका इतके घाबरले होते की दोनदा गोळी चुकवून झाली होती, आणि दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीत हे परवडत नाही. डॉक्टरांचा विचार क्लोपिडोग्रेलवर आणायचा होता, त्यापूर्वी टेस्ट पाठवली. रिपोर्ट आला *2/*2, म्हणजे दोन्ही प्रती स्टार टू.

म्हणजे क्लोपिडोग्रेल बाद. उरली प्रासुग्रेल. तिच्यासाठी तीन गोष्टी बघायच्या: पूर्वी स्ट्रोक किंवा मिनी स्ट्रोक झालाय का, कारण झाला असेल तर ती द्यायचीच नाही, वय ७५ च्या पुढे आहे का, आणि वजन ६० च्या खाली आहे का. काकांना स्ट्रोक झाला नव्हता, वय बसत होतं, वजन कमी होतं, म्हणून १० ऐवजी ५ मिलिग्रॅम ठरली. पुढच्या व्हिजिटला दम गेला होता, हातावर थोडे निळे डाग येत होते, त्यावर लक्ष ठेवायचं ठरलं. त्यांच्याकडे अ‍ॅसिडिटीची गोळी आधीपासून पॅन्टोप्राझोल होती, ती तशीच ठेवली. तुमचे बाबा क्लोपिडोग्रेलवर असतील तर ही गोळी नक्की तपासा, कारण ओमेप्राझोल आणि एसोमेप्राझोल टू-सी-नाइन्टीनला अडवतात, म्हणजे जीन चांगला असूनही माणूस थोडाफार इंटरमीडिएटसारखा वागू लागतो, आणि हे कुठल्याच जीन रिपोर्टमध्ये दिसत नाही.

रिपोर्ट वाचताना अजून दोन गोष्टी. स्टार वन लिहिलंय याचा अर्थ लॅबने जेवढे फरक शोधले त्यातला एकही सापडला नाही एवढाच. काही स्वस्त पॅनेलमध्ये फक्त स्टार टू बघतात, मग स्टार थ्री असलेला माणूसही तिथे स्टार वन म्हणून येतो, म्हणून काय काय तपासलं ती यादी खाली छापलेली असते ती वाचा. आणि *2/*17 आलं तर एक मंद एक जोरदार म्हणजे बरोबरी झाली असं धरू नका. सेव्हन्टीन तेवढी भरपाई करेल याची खात्री नाही, म्हणून त्याला इंटरमीडिएटच धरतात.

टेस्टची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर चांगला रिपोर्ट आला की लोक निर्धास्त होतात. अमेरिकेतल्या आमिश लोकांवरच्या २००९ च्या अभ्यासात क्लोपिडोग्रेलचा परिणाम माणसागणिक जो बदलतो त्यातला साधारण १२ टक्के फरक स्टार टूमुळे होता. बाकी वय, वजन, डायबेटिस, दुसरी औषधं, इतर जीन, आणि गोळी खरंच घेतली का. आणि टेस्ट बघून औषध बदललं तर अ‍ॅटॅक कमी होतात का, यावरची मोठी टेलर पीसीआय ट्रायल, २०२० ची, ५,३०२ पेशंट: बंद प्रत असलेल्यांत वर्षभरात स्ट्रोक, अ‍ॅटॅक, गुठळी अशा घटना टेस्टच्या गटात ४ टक्के आणि नेहमीच्या गटात ५.९ टक्के. कमी आहेत, पण आकडेशास्त्राच्या ठरलेल्या रेषेच्या थोडं अलीकडेच अडकलं, म्हणजे हा फरक निव्वळ योगायोग नाही असं ठामपणे म्हणता आलं नाही. म्हणून काही कार्डिऑलॉजिस्ट म्हणतात सगळ्यांची टेस्ट नको, आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. माझं मत तरी वेगळं पडतं, कारण त्या ट्रायलमध्ये ज्यांच्यात बंद प्रत सापडली त्यांतल्या बहुतेकांची एकच प्रत बंद होती. दोन्ही बंद असणारे आपल्याकडे जास्त, आणि त्यांच्यात डोस वाढवूनही भागत नाही हे आपण वर बघितलंच.

काकांचा मुलगा निघताना म्हणाला, मग माझी पण करायची का. त्याला आत्ता काही होत नव्हतं, गोळीही चालू नव्हती. वडिलांच्या दोन्ही प्रती स्टार टू, म्हणजे त्याला त्यांच्याकडून आलेली प्रत बंदच असणार, हे टेस्टशिवाय कळतं. आईकडून काय आलं तेवढंच माहीत नाही. म्हटलं आत्ता पैसे घालवू नकोस, बाबांच्या रिपोर्टचा फोटो फोनमध्ये ठेव, आणि उद्या तुला किंवा तुझ्या बहिणीला कोणी क्लोपिडोग्रेल लिहून दिली तर सुरू करायच्या आधी तो दाखव, म्हणजे निदान इंटरमीडिएट आहात हे त्या डॉक्टरला तिथल्या तिथे कळेल.