आमची वाटचाल : अँकर आधी, बेलोज नंतर

हिंगणा एमआयडीसीतल्या एका भाड्याच्या शेडमध्ये दोन वेल्डिंग सेट आणि एक पाईप कापण्याचे यंत्र एवढ्या सामग्रीवर आम्ही हा व्यवसाय सुरू केला, तेव्हा पाण्याच्या आणि वाफेच्या छोट्या लाइन टाकणे एवढेच आमचे काम होते. त्या लाइन दहा-वीस मीटरच्या असत आणि मध्ये दोन-चार एल्बो आपसूक येत, त्यामुळे पाईप तापून वाढतो ही गोष्ट माहीत असूनही तिचा हिशेब मांडण्याची वेळ कधी आली नाही. ती वेळ बुटीबोरीतल्या एका अन्नप्रक्रिया कारखान्याच्या कामाने आणली. आमच्या कामाची पद्धत त्या एका लाइनमुळे बदलली, म्हणून या वाटचालीत तिच्याविषयीच सविस्तर लिहीत आहे.

बॉयलर घरापासून प्रक्रिया विभागापर्यंत १०८ मीटर सरळ अंतर होते. त्यावर १५० मिलिमीटर व्यासाचा सी क्लास पाईप उंच रॅकवरून न्यायचा होता. पाणी ९० अंशांचे, दाब दर चौरस सेंटीमीटरला ६ किलो आणि चाचणीचा दाब त्याच्या दीडपट, म्हणजे ९ किलो. साधे लोखंड दर मीटरला दर अंशामागे साधारण ०.०१२ मिलिमीटर वाढते. नागपूरकडे डिसेंबरच्या पहाटे बंद पडलेली लाइन १० अंशांपर्यंत उतरू शकते, तेव्हा १० ते ९० हा ८० अंशांचा फरक धरला, तर त्या लाइनची लांबी जवळजवळ १०४ मिलिमीटरने, म्हणजे चार बोटांहून अधिक, कमीजास्त होणार होती. दोन्ही टोके पक्की धरून ही वाढ रोखू म्हटले, तर त्या पाईपमध्ये ५० टनांहून अधिक जोर साठतो. रॅकचा कोणताही खांब तो पेलत नाही. एक तर आधार मोडतो किंवा पाईप आडवा फुगून बाहेर पडतो. म्हणून लाइनला वाढायला जागा द्यावीच लागते, आणि ती कुठे व किती द्यायची हे अँकर, म्हणजे पाईपला ठरावीक जागी रोखून धरणारे पक्के आधार, ठरवतात.

आम्ही लाइनचे ५४ मीटरचे दोन भाग केले, दोन्ही टोकांना आणि मध्यावर अँकर धरले आणि प्रत्येक भागात एक बेलोज, म्हणजे दाबला-ताणला जाणारा वळ्यांचा लवचिक जोड, बसवला. दोन अँकरच्या मध्ये एकच बेलोज असावा हा नियम आम्ही पाळला होता, वाढीचे आकडेही बरोबर काढले होते. चूक टोकाच्या अँकरमध्ये झाली. तिथे रॅकच्या खांबावरून पुढे काढलेला १०० मिलिमीटरचा चॅनेल होता आणि पाईप त्यावर दोन यू-बोल्टनी आवळलेला होता. आमच्या मनात अँकर म्हणजे पाईपला जागेवर ठेवणारी पकड एवढाच अर्थ होता.

मे महिन्यात, लाइन अजून थंड असताना, चाचणीसाठी पाणी भरून आम्ही हातपंपाने दाब चढवू लागलो. काटा ७ किलोपर्यंत गेला आणि तिथून हळूहळू खाली येऊ लागला. पंप मारला की चढे, थांबले की उतरे. आमचे जुने फिटर रॅकवर पूर्ण लांबी चालून आले आणि वरूनच म्हणाले, ''भाऊ, काटा उतरून राह्यला, पण थेंब कुठंच नाही.'' आम्ही जोड पुसून पाहिले, व्हॉल्व्हचे ग्लँड आवळले, अर्धा तास गळती शोधली. शेवटी त्यांचेच लक्ष दुसऱ्या बेलोजकडे गेले. त्याच्या वळ्या, ज्या एकमेकींना जवळजवळ टेकलेल्या असत, त्या उघडून बोट जाईल एवढ्या लांब झाल्या होत्या. टोकाला पाईप यू-बोल्टमधून ४० मिलिमीटर सरकला होता आणि जिथून सरकला तिथे रंग खरवडून लोखंडाची चकचकीत पट्टी उघडी पडली होती. बेलोज लांबल्यामुळे लाइनमध्ये लिटरभर जास्त पाणी मावू लागले होते, म्हणून थेंब न गळता काटा उतरत होता.

या घटनेचे कारण समजून घ्यायला आम्हाला दोन दिवस लागले. साध्या पाईपच्या बंद टोकावर पाण्याचा दाब जो रेटा देतो, तो पाईपचे लोखंडच ताणून पेलते. बाहेरच्या आधाराला त्याचा पत्ताही लागत नाही. बेलोज बसवतो तेव्हा आपण ते लोखंड मधून कापतो आणि त्या जागी पेटीच्या भात्यासारखी मऊ नळी लावतो. भाता तो ताण पेलू शकत नाही, तो फक्त लांबतो. मग तो सगळा रेटा टोकाच्या अँकरवर येतो. हा रेटा काढताना पाईपच्या भोकाचे नव्हे, तर बेलोजच्या वळ्यांच्या सरासरी व्यासाचे क्षेत्रफळ धरावे लागते, आणि ते बरेच मोठे असते. आमच्या बेलोजसाठी ते सुमारे २७५ चौरस सेंटीमीटर होते. ७ किलो दाबाला जवळजवळ १,९०० किलोंचा, तर ९ किलोला अडीच टनांच्या आसपास रेटा. यू-बोल्टची पकड फक्त घर्षणाची असते. ती तिथे टिकणे शक्यच नव्हते. बेलोज दाबताना तो स्प्रिंगसारखा जो विरोध करतो, तो त्या मापात ४०० किलोंच्या आसपास होता. म्हणजे उष्णतेपेक्षा दाबाचा जोर कितीतरी अधिक, आणि सर्वांत मोठा जोर लाइन गरम झाल्यावर नव्हे, तर थंड पाण्याच्या चाचणीत येतो. मधल्या अँकरला दोन्ही बाजूंनी सारखाच रेटा बसत असल्यामुळे तो तोलला जातो. तो अँकर हललाही नव्हता. मात्र मधल्या अँकरजवळ व्हॉल्व्ह असेल आणि तो बंद केला, तर तोही टोकाच्या अँकरइतकाच भार घेतो, हे नकाशावर तेव्हाच लिहून ठेवावे लागते.

चाचणीपुरत्या बेलोजच्या वाहतुकीच्या सळया तशाच ठेवाव्यात, म्हणजे तो लांबणार नाही, अशी एक सूचना त्या वेळी आली होती. ती आम्ही मानली नाही. त्या सळया वाहतुकीत वळ्यांचे माप राखण्यासाठी असतात, चाचणीच्या दाबासाठी नव्हे. शिवाय चाचणी अँकरचीही व्हायला हवी, आणि सळया लावल्या तर नेमका अँकरच तपासल्याविना राहतो.

आम्ही ते बेलोज काढले आणि दुरुस्तीचा खर्च स्वतः सोसला. रॅकच्या बाजूला मोकळी जागा होती, म्हणून दोन्ही भागांच्या मध्यावर आडवे लूप, म्हणजे पाईपच बाजूला वळवून परत रेषेत आणणारी यू आकाराची वळणे, बसवायचे ठरवले. प्रत्येक लूपला ५२ मिलिमीटर हालचाल घ्यायची होती. या व्यासाच्या पाईपला त्यासाठी ३ मीटर बाहेर येणारा आणि दीड मीटर रुंदीचा लूप पुरतो. लूपमध्ये पाईपचे लोखंड कुठेही तुटत नाही, त्यामुळे दाबाचा रेटा पाईपमध्येच राहतो आणि अँकरवर येतो तो फक्त पाईप वाकवण्यापुरता जोर व आधारांवरचे घर्षण. चार एल्बोंमुळे पाण्याला थोडा अडथळा होतो, आणि जागा लागते, हे मान्य. पण तपासण्यासाठी, बदलण्यासाठी त्यात काहीच नसते, आणि माझ्या मते जागा असताना लांब लाइनवर बेलोज निवडण्याचे कारण उरत नाही. लूप उभा करावा लागला, तर वरच्या टोकाला हवा काढण्याची सोय ठेवावी लागते, नाहीतर गरम पाण्यातून सुटणारी हवा तिथेच साठून प्रवाह अडवते.

अँकरही नव्याने केले. पाईपला दोन्ही बाजूंनी जाड पट्ट्या वेल्ड केल्या, त्या चॅनेलच्या चौकटीला टेकवल्या आणि चौकटीला तिरका आधार देऊन तो भार थेट खांबाच्या पायथ्याकडे नेला.

लाइन पहिल्यांदा गरम करण्याआधी आम्ही प्रत्येक गाईडपाशी, म्हणजे पाईपला फक्त लांबीच्या दिशेने सरकू देणाऱ्या आधारापाशी, पाईपवर आणि आधारावर एकाच रेषेत पंचाची खूण केली. सकाळी पाईप २४ अंशांवर होता, दुपारी ८८ वर पोहोचला. ६४ अंशांच्या फरकाला २७ मीटरमागे २० मिलिमीटरहून थोडी अधिक सरक यायला हवी होती. पहिल्या लूपच्या दोन्ही बाजूंना ती तेवढीच आली. दुसऱ्या लूपच्या एका बाजूला मात्र फक्त १२ मिलिमीटर भरली. शोधत गेल्यावर एका गाईडमध्ये वेल्डिंगचे थेंब घट्ट चिकटलेले आढळले आणि पाईपखालचा सरकता पाया, म्हणजे शू, त्यावर अडून बसला होता. ते छिन्नीने काढताच पाईप ठक्कन सरकला. केवळ डोळ्यांनी पाहून हा दोष कधीच कळला नसता.

बेलोज आम्ही सोडून दिले असे मात्र नाही. इमारतीच्या तळघरात, भिंतीलगतच्या चरातून लाइन नेताना लूपला तीन मीटर जागा मिळत नाही. तिथे आता क्रम ठरलेला आहे: अँकरचा हिशेब आणि त्याचे काम पूर्ण झाल्याशिवाय बेलोज गोदामातून निघत नाही. पहिला गाईड बेलोजपासून पाईपच्या चार व्यासांच्या आत आणि दुसरा त्यापुढे चौदा व्यासांच्या आत, म्हणजे या मापाला साधारण ६६ सेंटीमीटर आणि त्यापुढे २.३ मीटर. बुटीबोरीत आमचा पहिला आधार तीन मीटरवर होता. अँकर टिकला असता, तर कदाचित बेलोज बाजूला वाकून बाहेर आला असता.

नागपुरात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. ५४ मीटरच्या भागात एका अंशाला ०.६५ मिलिमीटर सरक येते. १० ते ९० अंशांच्या मध्यावर, म्हणजे ५० अंशांना, बेलोज आपल्या नैसर्गिक लांबीत असावा असे धरले, तर मे महिन्यात ४२ अंशांच्या पाईपवर बसवताना तो केवळ ५ मिलिमीटर ताणावा लागतो. तेच काम डिसेंबरच्या सकाळी १५ अंशांना केले, तर २३ मिलिमीटर. उन्हात तापलेला पाईप हवेपेक्षा बराच गरम असतो, म्हणून आम्ही हवामानाचा आकडा घेत नाही. पाईपच्या पाठीवर थर्मामीटर टेकवतो आणि तो आकडा, वेळ व ताण वहीत लिहितो. मागच्या हिवाळ्यात तळघरातल्या एका लाइनसाठी भाचीने, जी आता साइटची सगळी मोजमापे पाहते, सकाळी साडेसातला पाईप १८ अंशांवर मोजला आणि बत्तीस अंशांचा हिशेब करून २१ मिलिमीटरचा ताण काढला. तोवर दोन्ही अँकरच्या चौकटी वेल्ड करून, रंग लावून तयार होत्या. मग तिने बेलोज मागवला.