‘जास्त गरम’ म्हणजे कमी करायचं ना, मॅडम?

मी इटालियन-मराठी दुभाषी आणि अनुवादाचं काम करते, आणि पुण्यात असल्यामुळे त्यातलं बरंचसं काम एमआयडीसीतलं असतं. बोलोन्याच्या आसपास पॅकेजिंग मशीन बनवणाऱ्या कंपन्यांची इतकी दाटी आहे की त्या पट्ट्याला पॅकेजिंग व्हॅलीच म्हणतात, तिथून मशीन येतं, त्याच्यामागून एक टेक्निशियन येतो आणि मग ऑपरेटर लोकांशी बोलायला माझ्यासारखी कोणीतरी लागते. हा किस्सा एका बिस्किटाच्या कारखान्यातला आहे, नाव लिहीत नाही. मशीन फ्लोरॅपचं, म्हणजे बिस्किटाचे पुडे फिल्ममध्ये गुंडाळून दोन्ही टोकांना गरम जबड्यांनी, म्हणजे जॉंनी, दाबून सील करणारं.

मला बोलावलं तेव्हा प्रॉब्लेम असा होता की सकाळच्या शिफ्टला पुडे टोकाला सुटत होते. बोटाने जरा ओढलं की सील उघडायचं, कागदाच्या पाकिटासारखं. टेक्निशियन आदल्या दिवशी सगळं सेट करून हॉटेलवर गेला होता, त्याचं म्हणणं मी जॉ १४० अंशावर ठेवून गेलो आणि आता पॅनलवर ११५ दिसतंय, कोणी हात लावला. रात्रपाळीचे ऑपरेटर, वयाने मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतात, ते घरी न जाता तिथेच थांबलेले. त्यांनी सरळ सांगितलं, मी कमी केलं, कागदावर लिहिलंय तसं. आणि मशीनला चिकटवलेला लॅमिनेट केलेला कागद दाखवला. टेक्निशियनने इटालियनमध्ये लिहून दिलेल्या सूचना ऑफिसने कुठूनतरी मराठीत करून घेतल्या होत्या, त्यातली पहिलीच ओळ : ‘जॉ अत्यंत जास्त गरम. कमाल लक्ष.’

मामा म्हणाले, "जास्त गरम लिहिलंय म्हणजे कमी करायचं ना, मॅडम?"

मराठीच्या हिशोबाने मामांचं शंभर टक्के बरोबर होतं. चहात साखर ‘जास्त’ झाली म्हणजे चूक झाली. ‘जास्त’ म्हणजे हवं त्यापेक्षा वर, आणि ‘फार’सुद्धा बऱ्याचदा तिकडेच झुकतं, ‘फार झालं आता’ म्हणतो तसं. इटालियनमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या ठेवलेल्या आहेत. त्रॉप्पो म्हणजे प्रमाणाबाहेर, आणि मोल्तो म्हणजे नुसतं पुष्कळ, त्यात तक्रार नसते. (तिकडची तरुण मुलं कौतुकातही त्रॉप्पो वापरतात, त्रॉप्पो बेल्लो वगैरे, पण मशीनवरच्या कागदात तसं कोणी लिहीत नाही.) मूळ ओळ होती ‘गनाशे मोल्तो काल्दे, मास्सिमा आत्तेन्त्सिओने’. गनाशे म्हणजे जॉ. ते गरम आहेत, गरमच असायला हवेत, तुम्ही हात सांभाळा, एवढंच त्याला म्हणायचं होतं.

आता रात्री गडबड का लक्षात आली नाही तर रात्री लाइन हळू चालवत होते. मशीन हळू असलं की फिल्म जॉमध्ये जरा जास्त वेळ दाबली जाते त्यामुळे ११५ वरही सील धरतं, सकाळच्या शिफ्टने स्पीड वाढवला आणि दाबायला वेळच उरला नाही म्हणून सुटायला लागलं. टेक्निशियनने तापमान परत १४० केलं, जॉ तापायला थोडा वेळ दिला, मग निघालेले पुडे पाण्याच्या भांड्यात व्हॅक्यूमखाली धरून बुडबुडे येतात का ते बघितलं. नाही आले. मशीनचं काम तिथेच संपलं, खरं काम त्या कागदाचं होतं आणि ते करायला मला आख्खी दुपार लागली.

माझं जुनं मत त्या दुपारी पक्कं झालं. इटालियनमध्ये जोर द्यायला विशेषणाच्या शेवटी जोडतात तो इस्सिमो, शिवाय मोल्तो, सुपर, यांच्यासाठी मराठीत ‘अत्यंत’, ‘अतिशय’, ‘सर्वाधिक’ असे तयार शब्द ठेवायचे आणि दिसलं की चिकटवायचे, हे चालतच नाही. इटालियन माणूस इस्सिमो सहज लावतो, बोलताना आवाज जरा वर जावा तसं. हा टेक्निशियन तोंडाने जॉना ‘काल्दिस्सिमे’ म्हणत होता आणि कागदावर त्यानेच ‘मोल्तो काल्दे’ लिहिलं होतं, तापमान दोन्हीकडे तेच. आपण ‘अत्यंत’ म्हटलं की वाक्याने एकदम कोट-टाय घातल्यासारखं होतं आणि वाचणारा एकतर त्यावर विश्वास ठेवत नाही नाहीतर बिचकतो.

म्हणून पहिली ओळ मी अशी केली : ‘जॉ तापलेले असतात, हात लावला तर भाजेल. तापमान बदलू नका.’ यात खूप, फार काहीच नाही. सावध करायचं असेल तर मराठीत किती गरम ते सांगण्यापेक्षा काय होईल ते सांगितलं की बरोबर पोचतं, आई पोराला ‘तवा अत्यंत उष्ण आहे’ म्हणत नाही, ‘चटका बसेल’ म्हणते. मास्सिमा आत्तेन्त्सिओनेचं ‘कमाल लक्ष’ तर मी काढूनच टाकलं. शेवटचं वाक्य मूळ इटालियनमध्ये नव्हतं, ते टेक्निशियनला विचारून घातलं.

पुढची ओळ होती, सुरू करण्याआधी सगळं ‘पुलितिस्सिमो’, आणि कागदावर आलेलं ‘सर्वकाही सर्वाधिक स्वच्छ’. ही चूक मी सगळीकडे बघते, ब्रोशरमध्ये, मेनूकार्डात, कुठेही. इस्सिमोमध्ये तुलना नसते. लॅटिनमध्ये हाच प्रत्यय दोन्ही कामं करायचा, ‘सगळ्यात’ पण आणि ‘खूप’ पण, इटालियनने ‘सगळ्यात’साठी वेगळी रचना घेतली, इल प्यू लावून, आणि इस्सिमोकडे फक्त ‘खूप’ राहिलं. त्यामुळे ‘सर्वात’, ‘सर्वोत्तम’, ‘सर्वाधिक’ लिहिलं की जो दावा मूळ माणसाने केलेलाच नाही तो आपण त्याच्या तोंडी घालतो. इथे मी ‘चकाचक’ लिहिणार होते, छान बसतं, पण चकाचक कशाला म्हणायचं हे प्रत्येकाचं वेगळं असतं. टेक्निशियनला विचारलं तर त्याने जॉच्या खाचांमध्ये चिकटलेली जळकी फिल्म दाखवली, ती राहिली की त्या जागी सील धरत नाही. मग ओळ झाली : ‘जॉ पितळी ब्रशने घासून घ्या, खाचेत फिल्मचा कणही राहायला नको.’ त्या ‘कणही’मधला ‘ही’ आहे ना, माझ्या मते इस्सिमोचं अर्धं काम तोच करतो. मराठीत जोर असा शेपटाला लावायची सोय आहे, ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’, आणि अनुवाद करताना नेमकं तेच विसरून आपण वाक्याच्या पुढे ‘अत्यंत’ ठेवतो.

फिल्मच्या ताणाची ओळ सगळ्यात अवघड गेली. मूळ होतं, ताण ‘पोकिस्सिमो’ बदला, एका वेळी. कागदावर ‘अत्यल्प’. आमच्याकडे नखभर आहे, किंचित आहे, तीळभर आहे, जिभेला गोड लागणारे शब्द आहेत पण नॉब फिरवणाऱ्या हाताला त्यातला एकही उपयोगाचा नाही. मी टेक्निशियनला म्हटलं तोंडाने सांगू नका, करून दाखवा. त्याने रोलच्या ब्रेकचा नॉब फिरवला, मी बघत होते, पाव फेऱ्याच्याही आत. मामांना म्हटलं आता तुम्ही ‘थोडंसं’ फिरवा, त्यांनी अर्धा फेरा फिरवला आणि फिल्मला लगेच तिरकी सुरकुती पडली. मग लिहिलं : ‘एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. थांबा, दहा पुडे बघा, मग परत.’ जिथे हाताने काम करायचंय तिथे इस्सिमोचं माप विचारून घ्यावं लागतं, दुसरा उपाय मला तरी माहीत नाही.

आणि फोटोसेल, म्हणजे फिल्मवर छापलेला मार्क ओळखणारा सेन्सर, ‘सुपर सेन्सिबिले’, त्याचं झालं होतं ‘सुपर संवेदनशील’. संवेदनशील कवी असतो, मतदान केंद्र असतं. ‘सेन्सरच्या काचेवर धूळ बसली तरी मार्क चुकतो, शिफ्टच्या सुरुवातीला पुसा’ असं केलं.

कागदावर माप आणि परिणाम चालतात, पण गप्पांमध्ये, कौतुकात ते चालत नाहीत, तिथे रंग लागतो आणि मराठीकडे तो भरपूर आहे. इस्सिमो सगळ्यांना एकच शेपूट लावतो, मराठीत कितीतरी विशेषणांचा जोडीदार ठरलेला आहे, काळाकुट्ट, पांढराशुभ्र, हिरवागार, आंबटढाण, मऊसूत, कडूजहर. गंमत म्हणजे इटालियनमध्येही असे ठरलेले जोड आहेत आणि ते मराठीत जवळजवळ आपोआप येतात, ‘बान्यातो फ्रादिचो’ म्हणजे ओलाचिंब, ‘न्वोवो दी त्सेक्का’ म्हणजे कोराकरकरीत, ‘बुयो पेस्तो’ म्हणजे मिट्ट काळोख. ‘प्यानो प्यानो’ तर सरळ हळूहळू. असं काही आलं की मी हात आखडत नाही, कारण हे मराठी माणूस रोज बोलतो, त्यात बढाई वाटत नाही.

संध्याकाळी लाइन पूर्ण स्पीडला नीट चालली तेव्हा टेक्निशियनने सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाला, "रागात्सी, ब्राविस्सिमी! सुपर! लावोरो पेर्फेत्तो, ग्रात्सिए मिल्ले!" मनापासून बोलत होता, डोळ्यांत दिसत होतं. हे मी ‘तुम्ही अतिशय उत्कृष्ट आहात, परिपूर्ण काम, हजार धन्यवाद’ असं सांगितलं असतं तर तिथल्या माणसांना वाटलं असतं साहेब काहीतरी विकायला आलाय. मी म्हटलं, "मंडळी, साहेब म्हणतायत मानलं तुम्हाला, कामाला नाव ठेवायला जागा नाही." सुपरचं भाषांतर केलंच नाही कारण ते सगळ्यांना समजलंच होतं, पोरं स्टेटसला तेच टाकतात. मामा मान हलवून एवढंच म्हणाले, "हां, आता बरं चाललंय."

आता हे उलटं न्यायचं. ‘बरं’चं शब्दाला शब्द इटालियन केलं तर ‘ठीकठाक’ असं ऐकू गेलं असतं आणि त्या माणसाचा चेहरा पडला असता, मामांच्या तोंडून ‘बरं’ म्हणजे केवढी पावती आहे हे त्याला कुठून कळणार. मी सांगितलं, "आदेस्सो वा बेनिस्सिमो", म्हणजे आता एकदम मस्त चाललंय. तो खूश.

जायच्या आधी प्रॉडक्शन हेड साहेबांनी बोलोन्याला पाठवायची मेल माझ्याकडे दिली, एकच ओळ, काम समाधानकारक झाले. तसंच ठेवलं असतं तर तिकडे जेमतेम पास केल्यासारखं वाचलं गेलं असतं. मी ‘स्यामो मोल्तो सोद्दिस्फात्ती’ लिहिलं, आणि पाठवायच्या आधी त्यांना सांगितलं की इथे मी ‘खूप’ घातलंय, चालेल का. ते म्हणाले, "घाला की, मशीन चांगलंच चाललंय."